दोन फोन आणि एक लपवलेली कमेंट

एका संस्थेचं फेसबुक पेज मी काही वर्षं सांभाळलं. लोकांकडून आगाऊ शुल्क घेऊन सेवा देणारी संस्था. एके दिवशी एक गृहस्थ थेट कार्यालयात आले. आवाज न चढवता त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला. आमच्या पोस्टखाली त्यांची कमेंट दिसत होती : शुल्काचा परतावा मागून सात आठवडे झाले, तीन मेल पाठवले, एकालाही उत्तर नाही. मग ते शेजारी बसलेल्या लिपिकाला म्हणाले, “तुमच्या फोनवर हीच पोस्ट उघडता का जरा?” त्यानं उघडली. त्या फोनवर कमेंट नव्हती. गृहस्थांनी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहिले.

ती कमेंट मीच ‘हाइड’ केली होती.

फेसबुकवर पेजवाल्यानं एखादी कमेंट हाइड केली, की ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीतल्या माणसांना दिसत राहते. बाकीच्यांना दिसत नाही. लिहिणाऱ्याला तशी सूचना जात नाही. कमेंट उडवली तर निदान तो परत आल्यावर त्याला ती सापडत नाही. तो चिडतो, विचारतो, पुन्हा लिहितो. हाइडमध्ये त्याला स्वतःचं म्हणणं जागच्या जागी दिसतं, बायकोला दिसतं, भावाला दिसतं. त्याची समजूत होते, की हजारो लोकांनी आपलं गाऱ्हाणं वाचलं आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. आम्ही त्याचं तोंड बंद केलं नव्हतं. त्याला एका रिकाम्या खोलीत नेऊन सभागृहात बोलतो आहे असं भासवलं होतं.

माझं म्हणणं त्या दिवसापासून पक्कं झालं आहे. टीकेची कमेंट काही वेळा उडवावी लागते, बऱ्याचदा तिला उत्तर द्यावं लागतं आणि पुष्कळदा ती नुसती राहू द्यावी लागते. पण लिहिणाऱ्याला न कळता लपवणं हा पर्याय टीकेच्या बाबतीत वापरूच नये. शिवाय काय उडवणार हे आधी जाहीर केलेलं नसेल, तर उडवण्याचाही अधिकार आपल्याकडे नाही असं मानून चालावं.

हाइडचं बटण इतकं लाडकं का आहे ते पेज सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. उडवलं की भांडण होतं. उत्तर द्यायचं तर लेखा विभागाला विचारावं लागतं, ते दोन दिवस फोन उचलत नाहीत, उत्तर आलं तरी वरिष्ठांना दाखवावं लागतं. राहू दिलं तर संध्याकाळी साहेबांचा मेसेज येतो, “हे अजून तिथे कसं?” या तिन्ही कटकटी हाइड एका टिचकीत मिटवतं. त्यामुळे हाइड केलेल्या कमेंटींची संख्या वाढते आणि लेखा विभाग मात्र होता तिथेच राहतो. त्या सात आठवड्यांच्या परताव्याचं मूळ असं निघालं, की अर्जातला बँक तपशील एका रकान्यात कापला जात होता आणि असे अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला पडत होते. ही गोष्ट आम्हाला कमेंटींमधूनच कळू शकली असती. तशा अकरा कमेंटी होत्या. अकराही मी हाइड केल्या होत्या.

सगळीकडची लपवाछपवी सारखी नसते, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये ट्विटरनं उत्तरं लपवण्याची सोय सर्वांना दिली, तेव्हा त्यात एक खिडकी उघडी ठेवली : या पोस्टखाली काही उत्तरं लपवली आहेत असं चिन्ह दिसायचं आणि त्यावर बोट ठेवलं की ती वाचता यायची. वाचणाऱ्याला कुणी काय बाजूला सारलं ते कळत होतं. माझा आक्षेप बाजूला सारण्यावर नाही, ते कळू न देण्यावर आहे.

माणसानं एकेक कमेंट हाइड केली तर निदान ती वाचलेली तरी असते. शब्दांचा फिल्टर त्याच्या पुढची पायरी आहे. सेटिंगमध्ये शब्दांची यादी भरायची. त्यातला शब्द असलेली कमेंट आली, की ती आपोआप लपते. शिव्यांसाठी ही सोय उत्तम आहे. पण त्याच रकान्यात कुणीतरी ‘परतावा’ हा शब्द टाकतो आणि मग पुढची दोन वर्षं त्या पेजवर परताव्याचा प्रश्नच अस्तित्वात नसतो. ज्यानं तो टाकला त्याची बदली होते. नव्या माणसाला ती यादी आहे हेही ठाऊक नसतं.

याचं न्यायालयात तपासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं, आपल्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पेजवर असा फिल्टर लावला होता. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणारे कार्यकर्ते तिथे सतत लिहीत असत. फिल्टरच्या यादीत ‘पेटा’ हे प्राणिहक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं नाव होतं, आणि त्याबरोबर इंग्रजीतले प्राणी, माकड, क्रूर, छळ, चाचणी अशा अर्थाचे साधे शब्दही होते. संस्थेनं कमेंटींचे नियम जाहीर केलेले होते. विषयाला सोडून असलेल्या कमेंटी काढल्या जातील असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे वरवर पाहता सगळं नियमानुसार. शब्दांची यादी मात्र त्या नियमांत नव्हती.

यात भाषणस्वातंत्र्याचा भंग होतो म्हणून पेटा आणि दोन व्यक्तींनी खटला भरला. खालच्या न्यायालयानं संस्थेच्या बाजूनं निकाल दिला. ३० जुलै २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तो फिरवला. विषयाला धरून बोला असा नियम करायला न्यायालयाची हरकत नव्हती. अडचण दुसरीच होती. संस्थेच्या स्वतःच्या पोस्टपैकी बऱ्याच पोस्ट प्राण्यांवर केलेल्या संशोधनाबद्दलच्या होत्या. उंदरांवर केलेल्या प्रयोगाची माहिती आपण द्यायची आणि खाली कुणी ‘प्राणी’ म्हटलं की विषयांतर झालं म्हणायचं, हे न्यायालयाला व्यवहाराला धरून वाटलं नाही. शिवाय यादीला संदर्भ कळत नाही. शब्द कुठल्या पोस्टखाली आला आहे याचा ती विचार करत नाही.

या निकालातून मी एक घरगुती कसोटी काढली आहे. आपल्या पेजवरच्या आपल्याच शेवटच्या पन्नास पोस्ट घ्याव्यात आणि आपल्याच फिल्टरमधून काढाव्यात. किती अडकतात ते पाहावं. शिव्यांच्या यादीत आपली एकही पोस्ट अडकणार नाही. पण अडकल्याच, तर ते शब्द शिव्या नाहीत, आपल्या कामाचे शब्द आहेत, आणि ते यादीत टाकणाऱ्यानं भाषा सुधारायची म्हणून टाकलेले नाहीत. आम्ही हे केलं तेव्हा पन्नासांपैकी नऊ पोस्ट अडकल्या. त्यातली एक पोस्ट ‘परताव्यासाठी अर्ज कसा करावा’ ही होती.

विषयांतराबद्दल आणखी थोडं. संस्थांच्या नियमात हा शब्द हमखास असतो आणि वाचायला अगदी वाजवी वाटतो. पण पेजवर विषय कोण ठरवतं? पेजवाला. परताव्याला उशीर होतो आहे अशी पोस्ट कुठलीही संस्था स्वतःहून टाकत नाही. ती टाकते नव्या इमारतीचा फोटो. मग ज्याचे पैसे अडकले आहेत तो त्या फोटोखाली लिहितो, कारण लिहायला दुसरी जागाच नाही. त्याला विषयांतर म्हणणं म्हणजे दार एकच ठेवायचं आणि तुम्ही चुकीच्या दारानं आलात म्हणायचं. विषयांतराचा नियम हवाच असेल तर तक्रारींसाठी एक पोस्ट कायम वर पिन करून ठेवावी आणि इतरत्र आलेल्या तक्रारीला उत्तर देऊन तिकडे बोलवावं. कमेंट तिथेच राहू द्यावी. दोन ओळींचं काम आहे.

तीच कमेंट पुन्हा पुन्हा टाकणाऱ्यांचं काय? हा प्रश्न खरा आहे. कॅलिफोर्नियातल्या एका शालेय मंडळाच्या दोन निवडून आलेल्या सदस्यांवर, त्यांनी आपल्याला ब्लॉक केलं म्हणून, पालकांनी भरलेला खटला यासाठी पाहण्यासारखा आहे. त्यातल्या एका पालकानं एका सदस्येच्या बेचाळीस फेसबुक पोस्टखाली जवळजवळ एकच मजकूर टाकला होता. ट्विटरवर तर दहा मिनिटांत २२६ ट्वीटखाली तेच उत्तर. वाचूनच दमायला होतं. तरी २०२२ मध्ये अपील न्यायालयाचं मत पडलं, की या पुनरुक्तीमुळे दुसऱ्या कुणाचं बोलणं प्रत्यक्षात अडलं नव्हतं. कमेंट लांब असली तर वाचणारा ती ओलांडून पुढे जातो. पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण परत पाठवलं, पण वेगळ्याच मुद्द्यावर : ती पेजं सदस्यांची अधिकृत होती की खासगी, हे आधी नीट ठरवा.

मी इथे न्यायालयाइतका उदार नाही. एकच मजकूर एका पोस्टखाली एकदा राहावा, त्याच पोस्टखालच्या बाकी प्रती काढाव्यात, असं मला वाटतं. पण हा नियम आधी लिहिलेला हवा आणि तो कौतुकाच्या कमेंटींनाही लागू हवा. ‘खूप छान उपक्रम’ असं एकाच माणसानं सहा वेळा लिहिलं तर त्यातले पाच उडवायची तयारी आहे का? नसेल, तर आपला राग पुनरुक्तीवर नाही.

जाहीर धोरणावर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे, नियम सांगितले की ट्रोल त्यातल्या फटी शोधतात. काही अंशी खरं आहे. शिव्यांची यादी छापून लावली तर लोक एक अक्षर बदलून तीच शिवी लिहितील. म्हणून यादी छापू नये. पण ‘शिवीगाळीचे शब्द आपोआप अडवले जातात, त्याखेरीज कुठल्याही शब्दावर फिल्टर नाही’ हे वाक्य छापावं आणि ते खरं ठेवावं. फट शोधणाऱ्याला एवढ्यानं फारसं काही मिळत नाही. प्रामाणिक माणसाला मात्र आपली कमेंट का दिसत नाही याचा तर्क करता येतो.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. पेज सांभाळणारी माणसं बहुधा तरुण असतात, कंत्राटी असतात आणि दिवसभर शिव्या वाचतात. खुलेपणाची किंमत त्यांनी का मोजायची? मी स्वतः मोजली आहे, म्हणून हा मुद्दा हातावेगळा करणार नाही. माझी रेघ अशी आहे : संस्थेला कितीही बोला, ते राहील; नाव घेऊन किंवा ओळखता येईल अशा रीतीनं एखाद्या कर्मचाऱ्याला शिवी दिली तर ते जाईल. ‘तुम्ही सगळे चोर आहात’ राहील. ‘तीन नंबरच्या खिडकीवरची बाई चोर आहे’ जाईल. ही रेघ निर्दोष नाही. कधी कधी तीन नंबरच्या खिडकीवर खरोखरच काहीतरी चाललेलं असतं. अशा वेळी कमेंट काढताना तक्रार नोंदवून घ्यावी लागते. नाहीतर आपण बाईंना नव्हे, गैरव्यवहाराला संरक्षण दिलं असं होतं.

खासगी कंपन्यांना यातलं काही लागू नाही असं कुणी म्हणेल. भाषणस्वातंत्र्याचे ते खटले सरकारी पेजांपुरतेच आहेत, हे बरोबर. पण लपवणं तिथेही महागात पडू शकतं. फॅशन नोव्हा या कपडे विकणाऱ्या अमेरिकन कंपनीनं आपल्या साइटवर चार आणि पाच तारे देणारे अभिप्राय आपोआप प्रसिद्ध होतील आणि त्याखालचे मंजुरीसाठी थांबतील अशी व्यवस्था केली होती. थांबलेल्यांतले लाखो अभिप्राय कधी प्रसिद्धच झाले नाहीत, असा ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा आरोप होता. २०२२ मध्ये कंपनीनं ४२ लाख डॉलर द्यायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. आक्षेप अभिप्राय निवडण्यावर नव्हता. दुकानात आपल्याला हवी तीच पत्रं भिंतीवर लावायला कुणाची ना नाही. आक्षेप हा होता, की प्रसिद्ध झालेले अभिप्राय हेच सगळे अभिप्राय आहेत असं ग्राहकाला वाटत होतं.

धोरण लिहायचं म्हणजे काय लिहायचं, हे एका कमेंटीवरून सांगतो. नियमांची खरी परीक्षा भेसळीच्या कमेंटीत होते. दोन फोनांच्या प्रसंगानंतर आम्ही नियम लिहून पेजवर लावले. महिन्याभरात एक कमेंट आली. त्यात तीन गोष्टी होत्या. परताव्याला नऊ आठवडे झाले. तुम्ही चोर आहात. आणि तिसरी, आमच्या लेखा विभागातल्या एका मुलीचा खासगी मोबाइल नंबर, सोबत ‘सगळ्यांनी हिला फोन करा’.

दुसऱ्याच्या कमेंटीतला एक भाग आपल्याला पुसता येत नाही. ठेवायची तर सगळी, काढायची तर सगळी. नंबर एक मिनिटही राहू देणं शक्य नव्हतं. पण सगळी काढली तर बाहेरून दिसणार काय? नऊ आठवड्यांची तक्रार होती, ती उडवली. त्यात आणखी एक गोम अशी, की कमेंट डिलीट केली की तिच्याखाली इतरांनी दिलेली उत्तरंही तिच्याबरोबर जातात. इथे चार होती. त्यांतल्या दोघांनी आपलेही पैसे अडकल्याचं लिहिलं होतं.

आम्ही आधी खालच्या उत्तरांसकट स्क्रीनशॉट घेतला आणि नोंदवहीत तारीख, वेळ, पोस्ट, नियम क्रमांक आणि काढणाऱ्याचं नाव लिहिलं. नोंदवही म्हणजे एक साधी एक्सेल शीट. मग कमेंट काढली. लगेच त्याच पोस्टखाली संस्थेच्या नावानं लिहिलं : इथली एक कमेंट नियम ३ प्रमाणे काढली आहे, कारण तिच्यात एका व्यक्तीचा खासगी फोन नंबर होता. कमेंट परताव्याला नऊ आठवडे लागल्याबद्दल होती. खाली आणखी दोघांनी तीच तक्रार केली होती. तक्रार खरी आहे. अर्जातल्या बँक तपशिलाच्या दोषामुळे काही अर्ज अडकले आहेत, ते शुक्रवारपर्यंत पुन्हा तपासले जातील. नंबर वगळून तीच कमेंट पुन्हा लिहिली तर ती राहील. निर्णय चुकला असं वाटल्यास या पत्त्यावर लिहा, ज्यानं कमेंट काढली त्याच्याव्यतिरिक्त दुसरी व्यक्ती पाहील.

या मजकुरावर वरच्या मजल्यावर खडाजंगी झाली. ‘तक्रार खरी आहे’ हे तीन शब्द काढा, असा आग्रह होता. मी म्हटलं, मग आपण टीका काढली असं लोक म्हणतील आणि त्यांना खोटं ठरवायला आपल्याकडे काही राहणार नाही. बऱ्याच वादानंतर शब्द राहिले. शुक्रवारची मुदत मात्र आम्हाला पाळता आली नाही, सोमवार उजाडला. तेही तिथेच लिहिलं.

एक पळवाट याच सुमारास सुचवली गेली : त्या माणसाला ब्लॉक करून टाका, नंबर पुन्हा टाकला तर? ब्लॉकचा तोटा असा, की तो एका कमेंटीपुरता राहत नाही. माणूस सगळ्या पोस्टवरून, आजच्या आणि उद्याच्याही, बाहेर जातो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एका शहर व्यवस्थापकाच्या फेसबुक पेजच्या खटल्यात हाच फरक दाखवला होता : कमेंट काढली तर त्या एका पोस्टपुरताच विचार करावा लागतो, ब्लॉक केलं तर तो माणूस ज्या ज्या पोस्टखाली बोलू पाहील त्या सगळ्यांचा. आमच्या नियमात ब्लॉक फक्त तिसऱ्यांदा नंबर टाकणाऱ्याला होता आणि तोही तीस दिवसांचा. फेसबुक तीस दिवसांनी आपोआप ब्लॉक काढत नाही, म्हणून नोंदवहीत आणखी एक रकाना वाढवावा लागला : ब्लॉक काढायची तारीख.

पहिल्या सहा महिन्यांत त्या वहीत चाळीसेक नोंदी झाल्या. बहुतेक जाहिराती, काही शिव्या, चार फोन नंबर. दर तिमाहीला आम्ही नुसते आकडे पेजवर टाकायचो : कुठल्या नियमाखाली किती काढल्या, किती जणांनी दाद मागितली, किती परत आल्या नाहीत. शेवटच्या आकड्यावर साहेबांचा आक्षेप होता, कारण तो आमच्या हातातला नव्हता. डिलीट केलेली कमेंट आपल्याला परत लावता येत नाही. निर्णय चुकला असं ठरलं, तरी माणसाला पुन्हा लिहा म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि पुष्कळ जण पुन्हा लिहीत नाहीत.

नंबरवाल्या माणसानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी, नंबर वगळून. नऊ आठवड्यांच्या जागी त्यानं ‘नऊ आठवडे आणि एक दिवस’ केलं होतं. चोर हा शब्द तसाच होता. मी लिपिकाला त्याच्या फोनवर ती पोस्ट उघडायला सांगितली. कमेंट दिसत होती.